पाळीच्या आधीचे ते चौदा दिवस

बाळासाठी प्रयत्न करणाऱ्या मैत्रिणींनो, स्त्रीबीज सुटल्यापासून पाळीच्या तारखेपर्यंतचे दिवस फार जीव खातात. छाती दुखली की आशा लागते, ओटीपोटात कळ आली की ती मावळते. पण या खुणांवरून दिवस राहिलेत की नाही, हे ओळखता येत नाही.

बीज ज्या पुटकुळीतून सुटतं, ती मागे राहून प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. छाती जड होणं, पोट फुगणं, शौचाला साफ न होणं, सारखी झोप येणं, हे बहुतेक त्याचंच काम. गर्भ राहो वा न राहो, ते दर महिन्याला बीज सुटल्यावर वाढतंच. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्रास आणखी जाणवतो आणि पाळीही लांबते. म्हणून पाळी चुकली एवढ्यावर विसंबू नका, आणि तपासणी नकारार्थी आली तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

आता तारखांचा घोळ पाहा. समजा तुमची पाळी 32 दिवसांनी येते आणि बीज 18व्या दिवशी सुटलं. ते जेमतेम एक दिवस टिकतं. तेवढ्यात फळलं, तर गर्भ चार-पाच दिवसांत गर्भनलिकेतून गर्भाशयात उतरतो. पण लगेच रुजत नाही. रुजायला बीज सुटल्यापासून बहुधा आठ ते दहा दिवस लागतात, क्वचित बारा. म्हणजे तुमच्या बाबतीत 26वा ते 28वा दिवस. तपासणीची पट्टी जे शोधते ते एचसीजी रुजल्यानंतरच अंगात पसरतं, आणि सुरुवातीला साधारण दोन दिवसांनी दुप्पट होतं. सगळ्यांसारखी 28 दिवसांची पाळी धरून तुम्ही 28व्या दिवशी तपासलंत, तर गर्भ आदल्या दिवशीच रुजला असला तरी पट्टीवर एकच रेघ येईल. तीच पट्टी 32व्या-33व्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीत बुडवा. तेव्हाचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं. पट्टी पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचा. तासाभराने दिसणारी फिकट रेघ धरू नका.

उलटी फसगतही होते. बीज सुटण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनात अनेकदा एचसीजीच असतं, आणि ते दहा-बारा दिवस लघवीत सापडू शकतं. अशा उपचारांत डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच रक्ताची तपासणी करा.

काही वेळा दोन रेघा येतात आणि चार दिवसांत पाळीही येते. गर्भ रुजून लगेच गळून जाणं पुष्कळ जणींच्या बाबतीत घडतं, आणि बहुतेकदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं. तुम्ही जिना चढलात किंवा बादली उचललीत म्हणून नव्हे. घरच्यांनाही हे सांगा.

मात्र तपासणी होकारार्थी आल्यावर पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर गर्भ नलिकेतच वाढत असू शकतो. तेव्हा वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.