काळा गंज निर्दोष, उजळलेला गंज संशयित

अंजनगाव सुर्जीत पातेल्याला गंज म्हणतात आणि ॲल्युमिनियमला जुनी माणसे अजूनही जर्मन म्हणतात. जर्मनचा गंज नाही असे घर आपल्या गावात शोधूनही सापडणार नाही. या गंजावर दोन निकाल घरोघरी दिले जातात. बोअरच्या पाण्यात बटाटे उकडले की गंज पाण्याच्या रेघेपर्यंत काळा पडतो. मग घरातले कोणीतरी मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवते, की हे काळे म्हणजे विष आहे. दोन दिवसांनी त्याच गंजात अंबाडीची भाजी शिजते, आतून भांडे लख्ख निघते आणि सगळ्यांना हायसे वाटते, की आंबटाने मळ काढला. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही निकाल उलटे आहेत. काळेपणात भिण्यासारखे काही नाही. चौकशी करायची तर ती त्या लखलखाटाची करावी.

आधी काळेपणाचा आरोप घेऊ. ॲल्युमिनियम हवेत उघडे राहूच शकत नाही. पृष्ठभाग उघडा पडला, की हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्यावर ऑक्साइडचा पडदा धरतो. हा पडदा मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास जाडीचा, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पण भांडे टिकते ते याच्याच जोरावर. पाणी उकळताना हा पडदा पाणी धरून जाड होत जातो. पाणी क्षारयुक्त असेल तर तो अधिक वेगाने वाढतो आणि पाण्यातल्या व धातूतल्या लोहासारख्या किंचित अंशांमुळे करडा, मग काळपट दिसू लागतो.

आता आपले पाणी आठवा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि आपल्या तालुक्यातली दक्षिणेकडची गावे त्यात येतात. तिथल्या भूजलात सोडियमचे क्षार भरपूर असतात. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गोड्या पाण्यात जो गंज महिनोन्‌महिने उजळ राहतो, तोच खाऱ्या बोअरच्या पाण्यात थोड्या दिवसांत काळवंडतो. भांडे तेच, दुकान तेच, फरक फक्त पाण्याचा. हे काळे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. अन्न आणि धातू यांच्यामध्ये ते उलट आडोशासारखे उभे राहते. ज्याला आपण रोग समजतो, ती भांड्यावर आलेली खपली आहे.

मोबाइलवरच्या त्या मजकुरात आणखी एक गोष्ट हमखास असते, की इंग्रजांनी भारतीय कैद्यांना खचवण्यासाठी ॲल्युमिनियमची भांडी आणली. इतिहास वेगळे सांगतो. भारतात ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचा उद्योग १८९८ साली मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी सुरू केला, तो इथल्या कारागिरांना नवा धंदा मिळावा म्हणून. युरोपातल्या सैन्यांनी आपल्या स्वतःच्या सैनिकांच्या पाठीवरही याच धातूच्या बाटल्या आणि डबे दिले होते. भीती घालायला कट रचावा लागतो, तिथे रसायनशास्त्र आधीच बाजूला पडलेले असते.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट बोलतो. आमच्या आजीने जन्मभर जर्मनमध्येच कढी केली, ती नव्वदीपर्यंत जगली; तेव्हा आंबट असो की तिखट, काही होत नाही. या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. निरोगी माणसाच्या पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तात जातो आणि मूत्रपिंडे तोही बाहेर टाकतात. या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो, हेही सिद्ध झालेले नाही. पण म्हणून आंबटाची गोष्ट खोटी ठरत नाही.

ऑक्साइडचा पडदा पाणी फार आंबटही नाही आणि फार खारही नाही, अशा मधल्या पट्ट्यात टिकतो. आंबट-खार मोजण्याच्या मापात, म्हणजे पीएचमध्ये, हा पट्टा साधारण ४ ते ८.५ आहे. चिंचेचा कोळ आणि लिंबाचा रस या पट्ट्याच्या बऱ्याच खाली आहेत. ताक आणि टोमॅटो काठावर आहेत. त्यातही चिंचेतले टार्टरिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल नुसता पडदा विरघळवून थांबत नाही. ते ॲल्युमिनियमला पकडून रसात धरून ठेवते. त्यात मीठ पडले, की पडद्याला जागोजागी छिद्रे पडतात. म्हणून अंबाडी शिजवल्यावर गंज उजळतो, तेव्हा काळी खपली गेलेली असते आणि तिच्याखालचा थोडा धातूही. धुण्याच्या पाण्यातून तो गेला नाही. तो भाजीत गेला.

स्वतः पाहायचे असेल तर एक दिवस पुरे. जुन्या काळ्या गंजात तांब्याभर पाणी आणि लिंबाएवढी चिंच टाकून अर्धा तास मंद उकळा. पाण्याच्या रेघेखाली गंज फिकट, रुपेरी होईल आणि रेघेवर काळाच राहील. ते पाणी पिऊ नका, टाकून द्या. मग त्याच गंजात बोअरचे साधे पाणी तितकाच वेळ उकळा. दोन-तीन खेपांत काळोखी परत येते. प्रत्येक उजळणीला धातू जातो आणि प्रत्येक काळवंडण्याला नवा पडदा चढतो. जो गंज आठवड्यातून तीनदा उजळतो, तो आठवड्यातून तीनदा झिजतो. बुडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसू लागले, तर हे बऱ्याच दिवसांपासून चालले आहे असे समजावे.

किती जाते, हा पुढचा न्याय्य प्रश्न. अन्न व आरोग्य क्षेत्रातल्या जागतिक संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली सुरक्षित मर्यादा ठरवली, ती शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलीग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला आठवड्याचे १०० मिलीग्रॅम चालतात. पंधरा किलोच्या मुलाला फक्त ३०, म्हणजे दिवसाला साधारण ४. आणि धान्य-भाज्यांमधून थोडे आधीच आलेले असते. वीस मिनिटांत शिजून लगेच वाढलेली कढी मोठ्या माणसाच्या हिशेबात फारशी उमटत नाही. हिशेब बिघडतो तो वेळेने. रात्रीची चिंचेची आमटी सकाळपर्यंत गंजातच ठेवली, लग्नाच्या पंगतीतली कढी दुपारपासून रात्रीपर्यंत कोमट ठेवली, की आंबटाला तासन्‌तास मिळतात. जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१७ साली लेप नसलेल्या ॲल्युमिनियमच्या थाळ्यांत आंबट पदार्थ ठेवून तपासले, तेव्हा दर किलो अन्नामागे ५ मिलीग्रॅम ही युरोपातली मर्यादा ओलांडली गेली. ज्यांची मूत्रपिंडे निकामी आहेत, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न खरोखर गंभीर आहे. डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमने रुग्णांच्या मेंदूला इजा झाल्याचे १९७० च्या दशकात दिसून आले होते.

आपल्या आज्यांना हे सूत्र ठाऊक नव्हते असे नाही. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर कळकते, म्हणून कल्हई होती. लोणचे चिनीमातीच्या बरणीत आणि आंबील मातीच्या मडक्यात होती. आंबटाला वेगळे भांडे हा नियम घरात पक्का होता. जर्मन स्वस्त आणि हलके आले, त्याला कल्हई लागत नाही असे कळले आणि नियमच सुटला. वर राख आणि चिंचेने घासायची पितळेची सवय मात्र मागे राहिली. ॲल्युमिनियमला दोन्ही वाईट: राखेतला आणि धुण्याच्या सोड्यातला क्षार पडदा एका टोकाने खातो, चिंच दुसऱ्या टोकाने.

इथे ॲनोडाइज्ड भांड्याचा पक्ष येतो आणि तो मला पटतो. आंबट द्रावणात भांडे बुडवून विजेच्या धनाग्राला जोडले, की त्याच पडद्याची जाडी मुद्दाम वाढवता येते. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणून जे करड्या-काळ्या रंगाचे भांडे विकतात, त्यात हे द्रावण जवळपास गोठणबिंदूला ठेवतात आणि पडदा साधारण २५ ते ५० मायक्रॉनपर्यंत चढवतात. नैसर्गिक पडद्याच्या हजारो पट. ही ॲल्युमिनियमची कल्हई आहे, फक्त वरून आणलेल्या कथलाची नाही, त्याच धातूतून उगवलेली. म्हणूनच ती पापुद्र्यासारखी सुटत नाही, आंबटाला बराच काळ अडवते आणि खाऱ्या पाण्यात काळीही पडत नाही.

पण दुकानदार जेव्हा सांगतो, की हे घेतले की कशाचीच काळजी नको, तेव्हा त्यालाही अडवायला हवे. कल्हई उडाली तर कल्हईवाला गल्लीत येऊन पुन्हा करून देत असे. ॲनोडाइज्ड थर तारेच्या घासणीने, सोड्याने किंवा रिकामे भांडे जाळून एकदा गेला, की घरी परत चढत नाही. तीव्र आंबट रात्रभर ठेवले तर तोही हळूहळू झिजतो. काही कुकर बाहेरूनच काळे असतात आणि आत साधे ॲल्युमिनियम असते, म्हणून घेताना झाकण काढून आत पाहावे. खात्री करायची तर विजेच्या मिस्त्रीकडचा मीटर आतल्या बाजूला हलकेच लावावा. ॲनोडाइज्ड थर वीज वाहू देत नाही, साधे ॲल्युमिनियम देते. नॉनस्टिकचा लेपही वीज अडवतो, पण तो नखाला गुळगुळीत लागतो आणि नॉनस्टिक म्हणूनच विकला जातो. त्याच्याशी या थराची गल्लत करू नये.

म्हणून माझा निवाडा असा आहे. भात, दूध, चहा, पोहे आणि पाणी तापवणे यासाठी साधा जर्मनचा गंज खुशाल वापरा. तो काळा पडला असेल तर तसाच राहू द्या, मऊ घासणी आणि साध्या साबणाने धुवा. ज्या घरी अंबाडी, कढी, चिंच, टोमॅटो आठवड्यातून बऱ्याचदा शिजतात, ज्यांचे पाणी खारे आहे किंवा ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी आंबटासाठी एक जाड बुडाचे, आतूनही ॲनोडाइज्ड भांडे घ्यावे. मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर आंबटासाठी सरळ स्टील वापरावे. आणि ॲल्युमिनियमचे भांडे कोणतेही असो, आंबट त्यात शिजवा, पण ठेवू नका. शिजले, की स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात काढा. आज रात्री आमटी गंजातच ठेवायचा विचार असेल, तर झोपण्याआधी तेवढी काढून ठेवा.