‘देऊन टाक ना फाइव्ह स्टार!’

परवा वारज्यातल्या आमच्या फ्लॅटवर एका रेटिंगवरून जोरदार भांडण झालं. वारज्याच्या पुलाखाली बसणाऱ्या भाजीवाल्यांवर आम्ही १२ मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती. तिची इंग्रजी सबटायटल्स एका फ्रीलान्सर मुलीकडून करून घेतली. सोमवारी सकाळी आम्ही फाइल द्यायची, शुक्रवारी सकाळी तिनं काम द्यायचं, असं ठरलं होतं. काम आलं रविवारी रात्री नऊला. स्पर्धेची मुदत बाराची!

पार्टनर म्हणाला, ‘एकच स्टार दे.’ मी म्हणाले, ‘जाऊ दे, पाच देऊन टाकू. तिच्या पोटावर कशाला पाय?’

आता सांगते, आम्ही दोघंही चुकत होतो. फायनल फाइल आम्हीच बुधवारी सकाळी पाठवली होती. ठरलेले चार दिवस तिथून मोजले, तर काम रविवारी सकाळी यायला हवं होतं. म्हणजे तिचा खरा उशीर जेमतेम अर्ध्या दिवसाचा. उरलेले दोन दिवस आमचे! तुम्हीही डेडलाइनचे मार्क कापण्याआधी चॅट वर सरकवून बघा, तिच्या हातात सगळं सामान कधी पडलं ते.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. शुक्रवारपासून आमच्या चार मेसेजना उत्तर नव्हतं. ‘रविवारी रात्री देते’ एवढं कळवलं असतं, तरी आमची झोप उडाली नसती. पण हा दोष कम्युनिकेशनचा. त्याची शिक्षा क्वालिटीला कशाला? काम छान होतं. ‘जुडी’ म्हणजे नेमकं काय, हे तिनं आधीच विचारून घेतलं होतं. दोन ओळी पुढेमागे होत होत्या, त्या तासाभरात दुरुस्त केल्या.

शेवटी क्वालिटीला पाच, डेडलाइनला चार आणि कम्युनिकेशनला दोन दिले. खाली लिहिलं, ‘भाषांतर अचूक. फाइल आमच्याकडून दोन दिवस उशिरा गेली. शेवटचे दोन दिवस मेसेजना उत्तर मिळालं नाही.’ ‘गुड वर्क’पेक्षा पुढच्या माणसाला हे जास्त उपयोगी पडेल, नाही का?

आणखी एक गंमत. अपवर्कवर दिसणाऱ्या स्टारशिवाय एक खासगी प्रश्नही असतो. या व्यक्तीचं नाव तुम्ही दुसऱ्याला सुचवाल का, शून्य ते दहा. तुम्ही दिलेला आकडा फ्रीलान्सरला दिसत नाही, पण तिच्या ‘जॉब सक्सेस स्कोअर’मध्ये तो धरला जातो. वर पाच स्टार देऊन आत गुपचूप तीन टाकणारे असतात. हे मला एक स्टारपेक्षाही वाईट वाटतं. स्कोअर का घसरला, हे तिला कळणार कसं?

सूड उगवला जाईल ही भीती असेल, तर तिथे दोघांचे अभिप्राय दिल्यावरच, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच, एकमेकांना दिसतात. आम्ही तेराव्या दिवशी दिला. तेवढ्यात रागही उतरला होता. पार्टनरचा अजून थोडा बाकी आहे.