थेंबामागचा आकडा

गेल्या पावसाळ्यात गाडी एका स्थानकावर थांबली असताना बंद खिडकीतून मी फलाटावरच्या पिवळ्या पाटीचा फोटो काढला. तीन लिप्यांत नाव, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. उंचीच्या शेवटच्या आकड्यावर नेमका काचेवरचा थेंब बसला होता. घरी येऊन थेंब पुसणाऱ्या एका प्रणालीला तो फोटो दिला. पाटी लख्ख झाली, शेवटचा आकडा ठसठशीत 3. मिनिटभराने काढलेल्या दुसऱ्या फोटोत तिथे 8 आहे.

या कामाला 'पुनर्स्थापना' म्हणतात. माझी हरकत त्या शब्दाला आहे, कारण त्यात दोन वेगळी कामं खपवली जातात.

काचेवर धुळीचा पातळ डाग असेल, तर मागचा प्रकाश त्यातून क्षीण होऊन का होईना, पण येतो. त्यावर डागाचा स्वतःचा पांढुरका पडदा चढतो. तो वजा केला, उरलेलं उजळ केलं, की मूळ दृश्य थोडं खरखरीत होऊन परत मिळतं. हे वाचन आहे, त्याला पुनर्स्थापना खुशाल म्हणा.

जाड थेंब मात्र इवलंसं भिंग असतो. त्यात आकाश, फलाट, माणसं सगळं उलटं आणि आकसलेलं दिसतं. सरळ मागे काय आहे ते त्या जागी बहुतेक उतरतच नाही. मग प्रणाली भोवतालावरून आणि शिकवणीतल्या जोड्यांवरून ते रचते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका संग्रहात प्रत्येक दृश्याचे दोन फोटो होते: एक पाणी शिंपडलेल्या काचेतून, दुसरा तशाच स्वच्छ काचेतून. काच अजिबात नसती तर दृश्य किंचित सरकलं असतं, म्हणून ही खबरदारी. खबरदारी चोख, पण परीक्षा कशी? बहुधा बिंदूबिंदूतला फरक मोजून, साऱ्या चित्रावर सरासरी काढून. सव्वा कोटी बिंदूंच्या चित्रात 8 चा 3 झाला, तर गुण जवळजवळ तेवढेच राहतात!

सहलीच्या फोटोत कुणाचं काय बिघडतं, असं विचारतील. थेंबामागे झाडाची पानं असतील तर काहीच नाही. पण पाटी, गाडीची नंबरप्लेट, दुकानावरचं नाव?

शिवाय साधा उपाय हातातच आहे. फोन काचेपासून दहा सेंटिमीटरवर धरून पाच सेंटिमीटर बाजूला सरकवा. जवळचा थेंब सुमारे सत्तावीस अंश सरकतो, पंधरा मीटरवरची पाटी पाव अंशही नाही. पहिल्यात झाकलेलं दुसऱ्यात उघडं पडतं. माझा 8 असाच सापडला.

कसर लागलेल्या पोथीचा संपादक गळलेली अक्षरं सुचवतो, पण चौकोनी कंसात. अनुवाद करताना मला त्या कंसांचा फार आधार वाटतो. प्रणालीनेही चित्रासोबत आपण रचलेल्या जागांचा नकाशा द्यावा. थेंब कुठे आहेत हे शोधणं तर अशा कित्येक प्रणालींचं पहिलंच पाऊल असतं. म्हणजे नकाशा तयारच असतो, फक्त आपल्याला दाखवत नाहीत.