‘तुझं नाव काय गं?’

माणूस मोठा गमतीचा प्राणी आहे. वीजबिलाची चौकशी करायला म्हणून तो फोनवर दोन ओळी लिहितो, पलीकडे संगणक आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी पहिला प्रश्न असतो : “तुझं नाव काय गं?” दुसरा : “वय किती?” तिसरा : “लग्न झालं का?” बिलाची आठवण चौथ्या ओळीला!

आता हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. सांगते. अशा एका सेवेची मराठी उत्तरं आगाऊ लिहून ठेवायचं काम काही काळ माझ्याकडे आहे. यंत्रानं काय बोलावं हे आधी कुणीतरी माणसानं टेबलाशी बसून ठरवलेलं असतं, वाचकहो. त्या टेबलाशी बसून जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली अडचण येते ती आपल्या लाडक्या मायबोलीचीच. हे सदर लिहिणारी बाई आहे हे तुम्हांला एव्हाना कळलं असेल. मी कुठे सांगितलं? माझ्या ‘सांगते’नं सांगितलं. इंग्रजीतलं यंत्र मदत करायला तयार झालं, तरी ते कोण हे उघड होत नाही. मराठीत ‘मी मदत करतो’ म्हटलं की बुवा झाला, ‘करते’ म्हटलं की बाई झाली. म्हणजे कुणी विचारायच्या आधीच खोटं बोलून मोकळं! ‘मी करतं’ म्हणावं, तर बोलणारी बाहुली वाटते.

पण मायबोलीनं दार बंद करताना खिडकी उघडी ठेवली आहे. भविष्यकाळ बघा : ‘बघेन’, ‘सांगेन’, ‘शोधेन’. हे बाई म्हणते, बुवाही म्हणतो. ‘मला समजलं’ यातही कुणाचं लिंग दिसत नाही. ‘मी चौकशी केली’ यात क्रियापद चौकशीच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. ‘आलो-आले’, ‘करतो-करते’ तेवढे टाळायचे. नावही असंच निवडलं : ‘मदतनीस’. तो मदतनीस, ती मदतनीस, दोन्ही चालतात.

मग आली खरी परीक्षा. उत्तर खरं हवं आणि विचारणाऱ्याचा हिरमोडही व्हायला नको. तो गमतीत आला आहे. त्याला सरकारी परिपत्रक वाचून दाखवलं तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. आमच्यातल्या एका तरुणानं वयाच्या प्रश्नाला उत्तर सुचवलं : “बायकांना वय विचारू नये!” सगळे खळखळून हसले. त्यावर मी एक साधी कसोटी लावते, ती अशी की विनोद पुसून टाकायचा आणि खाली काय उरतं ते बघायचं. इथे काय उरलं? ‘मी बाई आहे.’ म्हणजे विनोदाच्या पोटात खोटं निघालं. उत्तर बाद.

त्याऐवजी असं लिहिलं : “माझी सुरुवात 2023 साली. वाढदिवसाला केक मात्र नको, खाता येणार नाही.” केक पुसा, साल उरतं आणि ते खरं आहे. ‘मी दोन वर्षांची’ असं मुद्दाम लिहिलं नाही. त्यात ‘ची’ डोकावते हे एक, आणि पुढच्या दिवाळीला ते उत्तर आपोआप खोटं होतं हे दुसरं. साल शिळं होत नाही.

नावाचंही तसंच. “नाव मदतनीस. आडनाव ठेवलेलं नाही.” आपल्याकडे नावापाठोपाठ आडनाव, आडनावापाठोपाठ गाव, आणि गावापाठोपाठ पुढचं सगळं विचारलं जातं. ती साखळी इथेच हसत तुटते. “बाई की बुवा?” याला : “दोन्ही नाही, संगणकाचा कार्यक्रम आहे मी. बिल मात्र दोघांचंही बघेन.” एक थट्टा आणि लगेच कामाकडे वळण. तोच प्रश्न पुन्हा आला तर थट्टा गाळून नुसतं खरं सांगायचं. दुसऱ्यांदा ऐकलेला विनोद कुणाला गोड लागतो?

यंत्राशी असं बोलणं काही आजचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली ‘एलायझा’ नावाच्या कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली. नाव घेतलं होतं बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या नायिकेचं. म्हणजे आपल्या पु. लं.नी जिला ‘ती फुलराणी’ केलं तिचंच. हा कार्यक्रम समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारी, त्यापलीकडे फारसं काही नाही. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीनं तो तयार होताना कित्येक महिने पाहिला होता. तरी दोनचार वाक्यं झाल्यावर तिनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं! यंत्र आहे हे ठाऊक असूनही माणूस मन मोकळं करू लागतो. म्हणूनच ही उत्तरं लिहिताना हात सांभाळावा लागतो.

घरच्या माणसांच्या प्रश्नावर हे पुरतं पटलं. “घरी कोण कोण असतं?” याला कुणीतरी लिहिलं होतं : “एकटा जीव सदाशिव, लग्नाची कटकट नाही!” त्या दिवशी बैठकीला वीजबिलाच्या खिडकीवर तीस वर्षं काढलेले एक काका होते. ते हसले नाहीत. म्हणाले, “खिडकीशी म्हातारी माणसं मलाही विचारायची, ‘साहेब, घरी कोण कोण?’ मी सांगून झालं की हळूच म्हणायची, ‘आमची ही गेली हो मागच्या महिन्यात. बिल तिच्या नावावर आहे. बदलायचं होतं.’ घरचं विचारतात ते तुमचं ऐकायला नाही, पोरी. स्वतःचं सांगायला.”

टेबलाशी कुणी काही बोललं नाही. ती कटकट त्या माणसाच्या फोनवर उमटली असती तर!

मग आम्ही लिहिलं : “संगणकाला घर नसतं, त्यामुळे माझ्या घरी कुणी नाही. तुमचं बिल कुणाच्या नावावर आहे?” ज्याला नुसती मजा करायची आहे तो हसून पुढे जाईल. ज्याला सांगायचं आहे त्याला दार उघडं मिळेल. आणि त्यानं निधनाचा शब्द काढला की पुढे एकही विनोद नाही : दोन ओळी सहानुभूतीच्या, कोणते कागद लागतात ते, आणि माणसाशी बोलायची सोय.

शेवटचा नियम सर्वांत कडक आहे. “खरं सांग, तू माणूस आहेस का?” असं कुणी विचारलं, मग ते गमतीत असो वा रात्री अकरा वाजता एकटेपणात, तिथे आडवळण नाही. “नाही. मी माणूस नाही, संगणकाचा कार्यक्रम आहे. माणसाशी बोलायचं असल्यास ‘माणूस’ असं लिहा.” गमतीत विचारणाऱ्याचं यानं काही बिघडत नाही. खरोखर विचारणाऱ्याला मात्र चुकवलेलं उत्तर फार दिवस टोचत राहतं.

काकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “आणि तो ‘माणूस’ खिडकीवर किती वाजेपर्यंत बसणार?” खरा प्रश्न तोच होता. रात्री नऊ ते सकाळी नऊ खिडकी बंद. तेव्हा त्या उत्तरात आणखी एक ओळ घातली : “माणूस सकाळी नऊ वाजता भेटेल.” तेही खरंच सांगायला हवं, नाही का?