बोलावणं गळ्याला नव्हतं, वर्दीला होतं

बडाखान्यात मी गायलेल्या अभंगाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर काढला. तो कुठून कुठे फिरला देव जाणे, पण गेल्या महिन्यात इथे जैसलमेरला मला एका गाण्याच्या टीव्ही कार्यक्रमाकडून फोन आला. ऑडिशनला या म्हणाले. मी नाही म्हटलं. तेव्हापासून बराकीत मला वेड्यात काढतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बोलणं वीस मिनिटं चाललं. त्यात गाण्याविषयी एकच प्रश्न होता, "शिकला आहात का?" बाकी सगळे वेगळेच. पोस्टिंग कुठे कुठे झाली? एखादा साथीदार शहीद झालाय का? घरी आई रडते का? शेवटी विचारलं, "सर, युनिफॉर्ममध्ये येता येईल ना?" माझी पट्टी कोणती, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

टीव्हीवर दिसतं की माणूस रांगेतून थेट परीक्षकांसमोर जातो. तसं नसतं. आधी कार्यक्रमाची टीम गाणं ऐकते, गाळते, आणि गळ्याबरोबर 'कहाणी'ही तपासते. मग कागदावर सही. मला पाठवलेल्या कागदात लिहिलं होतं की चित्रण हवं तसं कापायचा, जोडायचा आणि कायम वापरायचा हक्क त्यांचा. म्हणजे मी सुरात गात असताना परीक्षकाच्या डोळ्यांतलं पाणी दुसऱ्याच गाण्याच्या वेळचं असू शकतं, आणि मला तक्रार करता येणार नाही.

सुभेदार साहेब म्हणाले, "अरे, पलटणीचं नाव होईल. परवानगीचा अर्ज कर, मी पुढे पाठवतो." त्यांचं मन मोठं आहे. परवानगी मिळालीही असती. पण पलटणीचं नाव कशानं होणार? मी बरा गायलो तर लोक म्हणतील, फौजी म्हणून मतं मिळाली. बेसूर गायलो तरी परीक्षक उभे राहून सॅल्यूट ठोकतील, कारण वर्दीला नापास करायची हिंमत कुणाची? दोन्हीकडून गाणं मेलं. आणि जो साथीदार खरोखर गेला, त्याच्या आईला न विचारता त्याचं मरण मी माझ्या तीन मिनिटांच्या गाण्याआधी लावायचं? हे माझ्याच्यानं होणार नाही.

कुणी म्हणेल, गरीब घरच्या पोरांना यातूनच वाट मिळते. मिळते, आणि त्यांनी जरूर जावं. त्यांच्यापाशी दुसरं दार नसतं. मला पगार आहे, वर्षाला साठ दिवसांची सुट्टी आहे. त्या सुट्टीत गावच्या सप्ताहात मी टाळकऱ्यांत उभा राहतो. तिथे सूर चुकला की म्हातारे वीणेकरी भर भजनात डोळे वटारतात. माझी नोकरी कुठली, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही नसतं.

ऑडिशन तीच. ती मी दरवर्षी देतो.