‘चालतंय ना?’ : आपल्या बँकेच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ यांस,

विषय आपल्याला तोंडपाठ आहे, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत नाही. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आपल्या शाखांमधले कॅश काउंटर, पासबुक आणि कर्ज विभागाचे संगणक आजही त्याच विंडोज 10 वर चालतात. मी तारखेच्या आधी लिहिलं, नंतरही लिहिलं, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मांडायला उभा राहिलो. तिथे या विषयापेक्षा सेव-उसळीच्या बिलावर जास्त वेळ चर्चा झाली. अखेर लेखी उत्तर मिळालं ते असं : सर्व यंत्रे सुस्थितीत आहेत, अँटिव्हायरस अद्ययावत आहे, सभासदांनी काळजी करू नये.

काळजी करण्याइतके पैसे मी आपल्याकडे ठेवले आहेत, म्हणून हे उघड पत्र. बँकेचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. आपले सभासद ओळखतील, आणि बडोद्यातल्या इतर बँकांच्या सभासदांनी आपापल्या शाखेत जाऊन पाहावं.

यंत्रे सुस्थितीत आहेत, हे मला मान्य आहे. सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. छपाई होते, पासबुक भरलं जातं, पडद्यावर सगळं कालच्यासारखंच दिसतं. म्हणूनच आपली फसगत होते आहे. सपोर्ट संपणं म्हणजे यंत्र बिघडणं नव्हे. त्या यंत्रातले दोष यापुढेही सापडत राहतील, पण ते आपल्याकडे कुणी बुजवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, प्रसिद्ध करते. 14 ऑक्टोबरचा मंगळवार आपल्यासाठी शेवटचा होता. पुढचा आला 11 नोव्हेंबरला, अवघ्या चार आठवड्यांनी. त्या दिवशी विंडोजच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, CVE-2025-62215 हा दोष दुरुस्त झाला. विंडोज 10 मध्येही तो होता आणि दुरुस्ती येण्याआधीच हल्लेखोर तो वापरत होते. साध्या कर्मचाऱ्याच्या मर्यादित अधिकारांनी आत शिरलेला माणूस या दोषाचा फायदा घेऊन संपूर्ण यंत्राचा मालक होऊ शकतो. ज्यांनी जादा मुदतीचे पैसे भरले होते त्यांच्या विंडोज 10 ला ही दुरुस्ती मिळाली. आपण भरले नव्हते. आपल्या काउंटरवर तो दोष आजही तसाच आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दुसऱ्या मंगळवारी त्यात भर पडते आहे.

यात आणखी एक गोम आहे. पॅच प्रसिद्ध झाला की तो अभ्यासायला सर्वांना मोकळा असतो. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी शेजारी ठेवली, की नेमकं काय बदललं ते दिसतं आणि त्यावरून दोष कुठे होता ते कळतं. विंडोज 10 आणि 11 यांच्या आतला बराचसा कोड सारखा आहे. त्यामुळे 11 साठी आलेली दुरुस्ती ही 10 वाल्यांच्या घराची खूण ठरते. आपला धोका 15 ऑक्टोबरला होता तेवढाच आज नाही, तो दर महिन्याला वाढतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर 2017 आठवा. त्या वर्षी 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने फाइल-शेअरिंगमधल्या एका दोषाची दुरुस्ती दिली. 14 एप्रिलला तो दोष फोडणारं तयार हत्यार जगजाहीर झालं. 12 मेला वॉनाक्राय सुटला. मार्च ते मे, दोन महिने हातात होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या 236 ट्रस्टपैकी 80 ना फटका बसला, आणि आपल्याकडे आंध्रच्या पोलिसांचे आणि गुजरात सरकारच्या जाळ्यातलेही संगणक अडकले. बळी पडलेल्यांत बहुतेक विंडोज 7 होते, ज्यांना तेव्हा सपोर्ट होता. पॅच आलेला होता, तो लावला नव्हता. म्हणजे दोन महिन्यांच्या आळसाने एवढं झालं. आपण तर अशी जागा पत्करली आहे, जिथे लावायला पॅचच येणार नाही. सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने तेव्हा अपवाद म्हणून दुरुस्ती दिली, पण ती हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या भरवशावर बँक चालवायची असेल तर तसं ठेवीच्या पावतीवर छापा.

आता आपल्या अँटिव्हायरसबद्दल. तो अद्ययावत आहे याबद्दल अभिनंदन. अँटिव्हायरस ओळखीच्या वाईट फाइली आणि संशयास्पद हालचाली पकडतो. कर्नेलमधलं भोक तो बुजवत नाही. भोकातून वर चढून यंत्राचा मालक झालेला माणूस सगळ्यात आधी अँटिव्हायरसच बंद करतो. पुढे तो त्या यंत्रावर पूर्वी कोणी कोणी लॉगिन केलं होतं ते शोधतो. देखभालीला येणारा माणूस सगळ्या शाखांत एकच अ‍ॅडमिन पासवर्ड वापरत असेल, तर एका काउंटरवरून सगळी बँक मोकळी होते. तो पासवर्ड एकच आहे की नाही, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं नाही. मी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

‘त्या संगणकांना इंटरनेट नाही’, हेही ऐकवलं गेलं. वॉनाक्रायला प्रत्येक यंत्रावर इंटरनेट लागलं नव्हतं. शाखेच्या आतल्या जाळ्यात एक यंत्र लागलं, की तो 445 क्रमांकाच्या पोर्टवरून शेजारच्या यंत्रात आपोआप जात होता, कुणी काही क्लिक न करता. आपल्या शाखेत पेनड्राइव्ह फिरतात, ऑडिटरचा लॅपटॉप जोडला जातो, आणि मॅनेजरच्या टेबलावरचा ई-मेल त्याच जाळ्यावर उघडतो.

मग येतो खर्च. तीन वर्षांची जादा मुदत विकत मिळते. संस्थांसाठी यादीतला दर पहिल्या वर्षी दर संगणकी 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी 122, तिसऱ्या वर्षी 244. तिन्ही मिळून 427 डॉलर. चाळीस संगणक धरले तर पहिल्या वर्षी 2,440, दुसऱ्या वर्षी 4,880, तिसऱ्या वर्षी 9,760, एकूण 17,080 डॉलर. 88 रुपये डॉलर धरला तर पंधरा लाख. आणि ‘पहिलं वर्ष काढू, मग बघू’ हा आपला हिशेब इथे चालत नाही. दुसऱ्या वर्षी यायचं तर चुकवलेल्या पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. वाट पाहून एक रुपया वाचत नाही, फक्त तेवढे महिने उघड्यावर जातात. घरगुती वापरासाठी एक वर्ष फुकट मिळायची सोय आहे, ती बँकेसाठी नाही. तो मार्ग सुचवणाऱ्या अधिकाऱ्याला परवान्याच्या अटी वाचायला द्या.

427 डॉलर म्हणजे सुमारे साडेसदतीस हजार रुपये. जवळजवळ तेवढ्यात काउंटरचा नवा संगणक विंडोज 11 सकट येतो. म्हणून तीन वर्षं मुदत विकत घ्या असं मी म्हणत नाही. एक वर्ष घ्या आणि त्यात यंत्रं बदला. सगळी बदलावी लागणार नाहीत. विंडोज 11 ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्यापुढचा, 4 जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएम 2.0 लागतं. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं, आणि तपासणारा ‘चालणार नाही’ असा शेरा मारून नव्या खरेदीचं कोटेशन पुढे करतो. ते चालू करायला पाच-दहा मिनिटं लागतात. खरोखर जुनी असलेली, एखाद्या प्रिंटरसाठी ठेवावीच लागणारी यंत्रं उरतील. ती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवा, त्यांचं 445 पोर्ट बंद करा, त्यांच्यावर ई-मेल आणि पेनड्राइव्ह नको. हा तात्पुरता इलाज आहे, हे त्याच कागदावर लिहा.

रिझर्व्ह बँकेने हे सगळं एकदा घडताना पाहिलं आहे. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. देशातली एटीएम त्यावरच चालत राहिली. एप्रिल 2017 मध्ये बँकांना समज दिली गेली. हालचाल इतकी संथ होती की 21 जून 2018 च्या परिपत्रकात टप्पे आखून द्यावे लागले : सप्टेंबर 2018 पर्यंत निदान 25 टक्के यंत्रं, डिसेंबरपर्यंत 50, मार्च 2019 पर्यंत 75, जून 2019 पर्यंत सगळी. मुदत संपल्यावर पाच वर्षांनी! ‘आमच्या शाखांना ते परिपत्रक लागू नाही’ हे वाक्य आपण तयार ठेवलं असेल. मग 19 ऑक्टोबर 2018 ची नागरी सहकारी बँकांसाठीची सायबर सुरक्षेची चौकट काढा. त्यात अँटिव्हायरसही मागितला आहे आणि पॅचही. आपण अर्धंच वाचलं.

माझी मागणी तपासायला सोपी आहे. प्रत्येक संगणकावर ही आज्ञा द्यायची :

```
winver
```

खिडकी उघडते आणि आकडा दिसतो. 19045.6456 हा 14 ऑक्टोबरच्या शेवटच्या फुकट पॅचचा आकडा. तोच किंवा त्याहून लहान असेल, तर त्या यंत्राला त्यानंतर काहीही मिळालेलं नाही. जादा मुदतीचा पहिला, 11 नोव्हेंबरचा पॅच आला की तो 19045.6575 होतो, आणि पुढे दर महिन्याला वाढायला हवा. असा तक्ता, शाखानिहाय, संगणकनिहाय, संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवा. त्याच बैठकीत जादा मुदतीची खरेदी आणि यंत्रं बदलण्याच्या तारखा ठरवा.

आणि उत्तर पुन्हा ‘चालतंय ना’ हेच असेल, तरी हरकत नाही. तसा ठराव करा, कोणी मांडला आणि कोणी अनुमोदन दिलं ते इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. उद्या काउंटर बंद पडले तर ‘अज्ञात हॅकर’ म्हणून निवेदन काढता येणार नाही, एवढी सोय सभासदांसाठी करून ठेवा.

आपला,
एक सभासद आणि ठेवीदार
बडोदे