वजन वाढलं म्हणून इन्सुलिन सोडू नका

"वजन वाढलं, म्हणून इन्सुलिन बंद केलं," असं पेशंट सांगतात तेव्हा मला राग येतो, तो कारण न समजावणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा.

समजा, शुगर वाढलेली असताना रोज ७५ ग्रॅम साखर लघवीतून जात होती. म्हणजे ३०० कॅलरी, साधारण तीन पोळ्यांइतक्या. इन्सुलिनने ही गळती थांबते. जेवण तेवढंच राहिलं, तर त्या कॅलरी अंगी लागतात.

त्यात शुगर उतरेल या भीतीने रात्री बिस्किटं खाल्ली जातात. त्याऐवजी थरथर, घाम जाणवला की शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. असं वारंवार होत असेल, तर खाणं वाढवू नका. डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या.